दाण्यांची गोष्ट सांगा, अन् तिच्या वाक्यावर थांबा

*ताई नमस्कार. मी जालन्याला मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहे. पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे, वऱ्हाड लातूरचं. दुपारी अक्षता, संध्याकाळी तिथंच कार्यालयात रिसेप्शन अन् त्यानंतर पाठवणी. लेक म्हणायली की पप्पा, रिसेप्शनला तुम्ही दोन शब्द बोला. मी जन्मात कधी माईक धरला नाही. मेव्हण्यानं मोबाईलवर एक कविता पाठवली, चिमणी उडाली अंगण सुनं झालं असली, ती वाचतानाच माझा आवाज बसतो. तिची आई म्हणती तुम्ही रडताल, नुस्ते हात जोडा अन् खाली उतरा. मला रडून तमाशा करायचा नाही, पण नुस्ते हात जोडून उतरायचं पण नाही. तीन आठवणी सविस्तर लिहून सोबत पाठवतो. डेंगूची रात्र, दहावीचा निकाल, अन् खिशातल्या दाण्यांची. शेवटची फार बारकी आहे, लोकं म्हणतील हे काय सांगतोय. काय बोलू अन् किती बोलू?*
— एक वाचक, जालना

भाऊ, दाण्यांची सांगा. तिन्ही वाचल्या, दोनदा वाचल्या, अन् दाण्यांचीच सांगा. आधी का ते सांगते, मग ती कशी सांगायची ते बघू, कारण गोष्ट चांगली असून पण सांगताना वाया जाते हे मी लग्नांचं सूत्रसंचालन करताना स्टेजच्या कडेला उभी राहून लई वेळा बघितलंय.

डेंगूच्या रात्रीत जागे तुम्ही होते, धावपळ तुम्ही केली, प्लेटलेटची पिशवी आणायला रात्री दोनला तुम्ही गेले. त्यात तुमची लेक माई पलंगावर झोपलेली आहे. म्हणजे गोष्ट तुमची झाली, तिची नाही, अन् भर मांडवात बाप स्वतःचे कष्ट सांगायला लागला की ऐकणाऱ्याला पुढं काय बोलावं कळत नाही, लेकीला तर आणखीच अवघड होतं, तिला वाटतं आपण देणं लागतो. दहावीच्या निकालात माई आहे, पण तिथं जे घडलं ते गुणपत्रिकेवर लिहिलेलं आहे, ते बापानं सांगायची गरज नाही, ते बायोडाटात आधीच लातूरला जाऊन पोचलेलं आहे. दाण्यांच्या गोष्टीत मात्र माईनं स्वतःच्या मनानं काहीतरी केलं, कुणी सांगितलं नव्हतं, अन् ते तुम्ही सोडून जगात दुसऱ्या कुणी बघितलं नाही. आठवण निवडताना मी एवढंच बघते, की त्यात लेक काही करते का, अन् ते बापाशिवाय कुणाला माहीत आहे का. बारकी आहे म्हणून तर ती तीन मिनिटांत पूर्ण सांगता येते, मोठी असती तर अर्ध्यातच जेवणाची गडबड सुरू झाली असती.

मेव्हण्याची कविता राहू द्या. कविता वाईट म्हणून नाही, पण चिमणी कुणाचीही असते, अन् तुमची लेक बापाचा खिसा उलटा करून दाणे काढणारी होती. दुसरं म्हणजे असल्या ओळी रडवण्यासाठीच लिहिलेल्या असतात, त्या वाचून आवाज बसणार नाही तर काय होणार. साधं सांगितलेलं बोलताना सावरता येतं.

आता मी तुमच्या पानांवरून एक मसुदा केलाय. शब्द बऱ्यापैकी तुमचेच आहेत, मी कापलं जास्त, घातलं कमी. तुम्ही बोलता तसं बदलून घ्या.

"नमस्कार मंडळी. मी माईचा बाप. मोंढ्यात मुनीम आहे, दिवसभर शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब लिहितो. माल बघताना चिमूट दोन चिमूट दाणे खिशात राहतात. माई लहान होती तेव्हा मी घरी आलो की ती आधी माझा खिसा उलटा करायची. दाणे ताटलीत टाकायची अन् सांगायची, ही तूर, हा मूग, हा हरभरा. लाल तूर वेगळी, पांढरी तूर वेगळी. मग ते सगळे एका पावडरच्या डब्यात भरून ठेवायची.

२०१२ ला पावसानं ओढ दिली. माई तिसरीत होती. मोंढ्यात आवक नव्हती, कधी कधी दिवस दिवस काटा हलायचा नाही. मी घरी यायचो, माई खिसा उलटा करायची, त्यात काही नसायचं. ती काही बोलायची नाही.

एक दिवस सकाळी सदरा घातला तर खिसा जड लागला. हात घातला तर मूठभर दाणे. तिनं डब्यातले काढून भरले होते. मी म्हणलं, हे काय गं माई. ती म्हणाली, पप्पा, आज हे घेऊन जा, संध्याकाळी वापस आणा.

मी घेऊन गेलो. संध्याकाळी वापस आणले.

व्याहीसाहेब, विहीणबाई, माई बोलायला कमी आहे. घरात काही अडचण दिसली तर ती विचारत बसत नाही, आपली आपण काहीतरी करून टाकती, अन् केलं हे सांगत पण नाही. म्हणून मी सांगून ठेवतो. जावईबापू, तिला अधूनमधून विचारत जा की तू आज काय केलं.

माई, घराची एक किल्ली तुझ्याकडं आहे. ती तुझ्याकडंच राहू दे.

मंडळी, तुम्ही लांबून आलात. कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नका."

एवढंच. मोजलं तर दोनशे शब्दांच्या जरा आतच बसतं. माईकवर हळू बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो, त्यात थांबणं धरलं तर हे तीन मिनिटांत बसतं. तीनच्या पुढं जाऊ नका. रिसेप्शनमध्ये चौथ्या मिनिटाला मागच्या खुर्च्यांवरचं बोलणं सुरू होतं, अन् ते एकदा सुरू झालं की पुढची माणसं पण मागं वळून बघायला लागतात.

आता मी काय काय कापलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल राहून गेलं अन् तुम्ही ते परत घालाल.

दुष्काळाचं तुम्ही पाऊण पान लिहिलंय, घाणेवाडीचा तलाव, गल्लीतले टँकर, हंड्यांची लाईन. सगळं खरं आहे, पण मांडवात बसलेले जालन्याचे लोक ते जगलेत, अन् लातूरच्या वऱ्हाडाला दुष्काळ समजावून सांगायची तर बिलकुल गरज नाही, त्यांच्या शहराला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यांना "२०१२" अन् "आवक नव्हती" एवढं पुरतं, पुढचं चित्र त्यांच्या डोळ्यासमोर आपोआप येतं. जास्त सांगितलं तर लोक दुष्काळाच्या आठवणीत जातात अन् खिशाकडं त्यांचं लक्ष राहत नाही. वर्ष अन् इयत्ता मात्र ठेवा, त्यानं गोष्ट खरी वाटते, नुस्तं "लहानपणी एकदा" म्हणलं की ती बनवलेली वाटते.

दुसरं, गोष्टीच्या शेवटी तुम्ही लिहिलं होतं की तेव्हा मला कळलं माझी लेक किती समजदार आहे, अन् पुढं की हेच दाणे आता दुसऱ्याच्या शेतात पेरायला चाललेत. भाऊ, ही दोन्ही वाक्यं काढलीत. पहिलं यासाठी की "संध्याकाळी वापस आणा" हे ऐकल्यावर ती समजदार आहे हे प्रत्येकाला स्वतःहून कळलेलं असतं, अन् माणसाला जे स्वतःहून कळतं ते त्याच्याजवळ राहतं. तुम्ही सांगितलं की ते तुमचं मत होतं. दुसरं वाक्य यासाठी की लेकीला पेरायचा दाणा म्हणलं की ती एक वस्तू झाली, इकडून तिकडं जाणारी. माईनं दाणे भरले होते, ती दाणा नव्हती. तिच्या वाक्यानंतर तुमचं फक्त "घेऊन गेलो, वापस आणले" एवढंच येऊ द्या. तुम्ही तिचं ऐकलं एवढं त्यात येतं, अन् संयम म्हणून तुम्ही जे शोधायलात ते तिथंच आहे.

तिसरं जरा कडक सांगते, राग मानू नका. "चुकलं माकलं पदरात घ्या, पोटच्या पोरीसारखं सांभाळा" हे मी काढलं. आपल्याकडं सगळे बाप हे म्हणतात, हात जोडून, वाकून, अन् मला माहितेय त्यामागं माया असते. पण माई अजून त्या घरात गेलीच नाही अन् तिच्या नावानं आधीच माफी मागून ठेवायची म्हणजे ती चुकणारच असं धरून चालायचं. त्यापेक्षा व्याह्यांना तिच्याबद्दल एक खरी, उपयोगाची माहिती द्या जी बापाशिवाय कुणी देऊ शकत नाही. ती करून टाकते अन् सांगत नाही, ही ती माहिती. अन् बघा, ती दाण्याच्या गोष्टीतूनच येते, म्हणून वेगळा विषय काढल्यासारखं वाटत नाही. हात जोडायचे तर पहिल्या नमस्काराला जोडा, त्या वाक्याला नको. तिथं सरळ उभं राहून, व्याह्यांच्या तोंडाकडं बघून बोला.

किल्लीचं वाक्य तुम्ही सोबत पाठवलेल्या पानांतच कोपऱ्यात होतं, की माईकडं घराची एक किल्ली आहे अन् ती परत देऊ का म्हणून तिनं आईला विचारलं. "हे घर तुझंच आहे, कधी पण ये" असं सगळेच म्हणतात, तुमच्याकडं खरी किल्ली आहे तर तेवढीच बोला. यात सासरच्यांना टोमणा बसत नाही, धमकी वाटत नाही, अन् माईला जे कळायचं ते कळतं.

आता रडण्याचं. तुम्हाला कुठं भरून येणार ते मला वाचतानाच दिसतंय, "आज हे घेऊन जा" तिथं. सगळ्या भाषणात नाही, तिथंच. म्हणून तयारी पण त्याच जागेची करायची. घरी गच्चीवर उभं राहून, मोठ्यानं, रोज दोन-तीन वेळा पूर्ण बोला. मनातल्या मनात वाचू नका, त्याचा काही उपयोग नाही, आवाज तोंडातून बाहेर पडतानाच अडतो. पहिले काही दिवस तुम्ही त्या वाक्याला रडताल, रडा, गच्चीवर कोण बघतंय. तेच वाक्य तोंडातून बऱ्याच वेळा गेलं की गळा त्याला सरावतो. शेवटच्या आठवड्यात एकदा तरी तिच्या आईसमोर बोला, कारण ऐकणारं माणूस समोर आलं की परत पहिल्यासारखं होतं, ते एकदा घरात होऊन गेलेलं बरं. अन् वहिनींची काळजी पण त्यानंच जाईल.

तरी स्टेजवर घशात गोळा आलाच तर काय करायचं. भरून आलं की शरीर जास्त हवा घ्यायला घसा उघडा ठेवायला बघतं अन् आपण आवंढा गिळून तो बंद करायला बघतो, त्या ओढाताणीचा तो गोळा असतो, म्हणून पुन्हा पुन्हा गिळू नका, त्यानं वाढतो. थांबा, माईक जरा खाली घ्या, तोंडानं सावकाश श्वास सोडा, पूर्ण सोडा, मग नवीन घेऊन पुढचं वाक्य. तुम्हाला ते पाच सेकंद लई मोठे वाटतील, समोरच्यांना ते वाटत पण नाहीत, त्यांना वाटतं बाप आठवायलाय. "माफ करा, जरा भरून आलं" असलं काही म्हणू नका, ते म्हणलं की हमखास बांध फुटतो. डोळ्यातून पाणी आलं तर येऊ द्या, पुसायला पण थांबू नका, डोळ्यातल्या पाण्यानं भाषण अडत नाही, श्वास अडल्यानं अडतं.

अन् त्या वाक्याला माईकडं बघू नका. स्टेजवर ती तुमच्या बाजूलाच असेल, तुम्ही तिच्याकडं बघितलं की तिचं तोंड बदलणार अन् ते बघून तुमचं. आधीच ठरवून ठेवा, मागच्या लाईनीत मोंढ्यातला तुमचा एखादा जुना हमाल किंवा मापाडी बसवा, ज्याच्याशी तुम्ही रोज बोलता, अन् गोष्ट त्याला सांगा. माईकडं फक्त किल्लीच्या वाक्याला बघा. ते वाक्य छोटं आहे, निभावतं.

माईला आधी सांगायचं का? हो, सांगा. पूर्ण भाषण वाचून दाखवू नका, पण "मी खिशातल्या दाण्यांचं सांगणार आहे, चालेल ना" एवढं विचारा. गोष्ट तिची आहे, ती चारशे माणसांत सांगायची का नाही हे तिनं ठरवावं. बाप काय बोलणार हे माहीत नसलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर भीती असते, अन् माहीत असलेली शांत ऐकते.

वेळेचं जपा, इथं बहुतेकांचं गणित चुकतं. रिसेप्शन सुरू झालं की स्टेजवर आहेर अन् फोटोची लाईन लागते, मग ती तोडता येत नाही, अन् त्यात कुणी पुढारी आला की सत्कार, शाल, टोपी, मग त्यांचे दोन शब्द, ते दोन शब्द वीस मिनिटांचे. शेवटी पाठवणीच्या वेळेला बोलू म्हणलं तर तिथं गाडीपाशी बायका आधीच रडत असतात, माईक नसतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, तिथं कुणाचं भाषण ऐकू येत नाही अन् यायला पण नको. तुमची जागा म्हणजे नवरा-नवरी स्टेजवर येऊन बसले, अन् फोटोची लाईन अजून सोडलेली नाही, ती पाच मिनिटं. हे सूत्रसंचालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, फोटोग्राफरला पण सांगा, अन् केटररला सांगा की तुमचं बोलणं संपेपर्यंत बुफेची झाकणं उघडायची नाहीत. म्हणून तर शेवटचं वाक्य जेवणाचं ठेवलंय, तुम्ही बोलून संपवलं की लोकांना उठायला कारण मिळतं अन् टाळ्यांची वाट बघत स्टेजवर अवघडून उभं राहायची वेळ तुमच्यावर येत नाही.

साऊंडवाल्याला म्हणा की बोलताना मागं सनई किंवा ते उदास बासरीचं म्युझिक लावू नको. ते विचारल्याशिवाय लावतात, त्यांना वाटतं भावना वाढते. माईकमधला इको पण बंद करायला लावा, तो अनाउन्समेंटसाठी वाढवून ठेवलेला असतो, साधं बोलणं त्यात चिरफाळतं. माईक हनुवटीपाशी, तोंडापासून चार बोटं, अन् मान वळवली तर माईक पण सोबत वळवा.

कागद जवळ ठेवाच, पाठ झालं तरी. पण कागदावर पूर्ण भाषण लिहू नका, नाहीतर डोळे वर येणार नाहीत. वहीच्या अर्ध्या पानावर जाड पेननं सहा-सात शब्द लिहा, खिसा, डबा, २०१२, सकाळ, व्याही, किल्ली, जेवण. माईचं ते एक वाक्य मात्र पूर्ण लिहा, शब्दाला शब्द, कारण आवाज अडकला की डोकं पण रिकामं होतं. मोबाईलवर बघून बोलू नका, नेमक्या वेळेला स्क्रीन बंद होते अन् चष्मा लावून अंगठा टेकवत बसावं लागतं.

आभाराची यादी तुमच्या भाषणात घेऊ नका. मामा, काका, अडतीचे शेठ, कार्यालयवाले, एकाचं नाव राहिलं की वर्षभर रुसवा, अन् चौदा नावं वाचली की दाण्यांची गोष्ट तिथंच विरून जाते. ती यादी लिहून सूत्रसंचालकाकडं द्या, ते काम आमचं असतं, आम्ही नीट वाचतो. तुमच्या शेठांचं नाव सगळ्यात वर घालायचं का, एवढं मात्र तुम्हीच ठरवून द्या. यादी दोन दिवस आधी, अन् नावासमोर गाव लिहून द्या, एकाच नावाचे दोन पाहुणे प्रत्येक लग्नात असतात.